गाडीच्या कागदावरचं बँकेचं नाव

माझ्या धाकट्या भावाने गाडीचा एकही हप्ता चुकवला नाही. गाडी माझ्या नावावर होती, कर्ज माझ्या नावावर होतं, बँक हप्ता माझ्या खात्यातून कापायची. पण दर महिन्याच्या तीन तारखेच्या आत त्याचे पैसे माझ्या खात्यात आलेले असत. पाच वर्षं हे असंच चाललं. मी मात्र बनारसमधल्या आमच्या मराठी मंडळींना सांगितलं की हप्ते मलाच भरावे लागले. ते खोटं होतं. लोकांनी तीन वर्षं ते खरं मानलं. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे, आणि हे आधी लिहून टाकल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आमचं घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत. घराण्यात भिक्षुकी. मी शाळेत संस्कृत शिकवत असे आणि सकाळ-संध्याकाळ यात्रेकरूंची कार्यं करत असे. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याला पाठांतर उत्तम, पण पौरोहित्यात जीव रमला नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना स्टेशनवरून आणायचं, सारनाथ, विंध्याचल, प्रयाग फिरवायचं, यात त्याला गोडी. त्यासाठी टॅक्सी परवान्याची गाडी घ्यायची ठरली. बँकेला नियमित उत्पन्नाचा कागद हवा होता, तो माझ्याकडे होता: निवृत्तिवेतनाचा. म्हणून गाडी माझ्या नावावर झाली. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, मालक म्हणून माझं नाव आणि खाली बँकेचं. कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण, असा त्याचा अर्थ. इथे सगळे त्याला 'एचपी' म्हणतात. कर्ज फिटलं की एचपी कटवायची. कर्ज फिटल्यावर ती आपोआप जातेच असं नाही. आमच्या बँकेत तरी खेपा घालाव्या लागत. एचपी असली की बँकेच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

भांडण गाडीवरून झालं नाही. ते पिंडांवरून झालं.

शेवटचा हप्ता फिटायच्या आधीच्या उन्हाळ्यात नांदेडकडचं एक कुटुंब वडिलांच्या कार्यासाठी आलं होतं. भावानेच त्यांना आणलं होतं. त्या दिवशी मला कॉलेजातल्या एका समारंभाला जायचं होतं, तिथे माझा सत्कार होता. मी भराभर उरकत होतो. यजमान डोळे पुसत होता. भाऊ मागे पायरीवर बसला होता. मी दर्भ उचलून आटोपतं घेतलं, तेवढ्यात तो म्हणाला,

"दादा, तीन राहिले."

"काय राहिले?"

"पिंड. तीन राहिले."

"झाले सगळे."

"नाही झाले. मी मोजत होतो."

यजमानाने माझ्याकडे पाहिलं. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा बसलो आणि राहिलेले तीन पिंड दिले. ते खरंच राहिले होते. सत्काराला मी पोहोचलो तेव्हा शाली वाटून झाल्या होत्या.

घरी आल्यावर मी त्याला म्हणालो, "तुला घाटावर माझी अब्रू काढायची होती, काढलीस."

तो म्हणाला, "त्यांचा बाप मेलाय दादा. पाचशे कोस लांबून आले ते. तुमच्या शालीसाठी नाही आले."

त्यानंतर त्याने आणलेले यजमान तो शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या गुरुजींकडे नेऊ लागला. जाता-येता ते गुरुजी मला नमस्कार करत. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

शेवटचा हप्ता आषाढात गेला. श्रावणात बँकेने मला बोलावलं आणि कागद हातात दिले: कर्ज संपल्याचं ना-हरकत पत्र, आणि एचपी कटवायचा पस्तीस नंबरचा फॉर्म, दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्यानिशी. फॉर्मवर खाली मालकाची, म्हणजे माझी सही बाकी. पत्रावर लिहिलं होतं की ते तीन महिने चालेल. भाऊ बाहेर गाडीत वाट बघत होता. मी कागद पिशवीत टाकले आणि म्हणालो, "घरी जाऊन नीट वाचतो, मग सही करतो." तो हसला. "वाचा. शेवटी व्याकरणाची चूक सापडेलच तुम्हाला." आम्ही अजून असं बोलू शकत होतो.

त्याचा बेत सगळ्यांना माहीत होता. जुनी गाडी विकायची आणि त्या पैशांत सात जणांची मोठी गाडी उचलायची. यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेचे व्यवस्थापक, आमच्यातलेच, त्याला म्हणाले होते की मोठी गाडी आणशील तर पितृपक्षापासून आमचे सगळे गट तुझे. सारनाथकडचा एक लॉजवाला जुनी गाडी घ्यायला तयार होता. त्याने एकच अट घातली: "पंडितजी, पहले एचपी कटवा दीजिए, फिर गाड़ी हमारी."

इथे मला माझ्या धंद्यातलं ज्ञान कामाला आलं. काशीत यात्रेकरूंचा मोठा लोंढा पितृपक्षात येतो. आणि पितृपक्षात आमच्यात कोणी नवं वाहन घेत नाही. म्हणजे गाडी अनंत चतुर्दशीच्या आत दारात हवी. नाहीतर ती नवरात्रात येणार, आणि तोवर हंगाम संपलेला. मला नाही म्हणायची गरजच नव्हती, फक्त अनंत चतुर्दशीपर्यंत वेळ काढायचा होता. मी पंचांग उघडून दिवस मोजले आणि बँकेचे कागद त्याच पंचांगात ठेवून ते मिटलं.

आठवडाभर मी सही केली नाही. आज एकादशी, उद्या श्रावणी सोमवार, परवा चष्मा सापडत नाही. मग एका संध्याकाळी तो वर आला. मी झोपाळ्यावर होतो. बायको दाराजवळ बसून वाती वळत होती. त्याने मोबाईलवर परिवहन खात्याचा अर्ज उघडला, गाडीचा नंबर टाकला, चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले.

"दादा, तुमच्या फोनवर ओटीपी येईल. सांगा."

फोन माझ्या मांडीवर होता. तो वाजला. मी पाहिलं. सहा आकडे.

"आला नाही," मी म्हणालो.

"वाजला की."

"दुसरा कसला तरी आला."

त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा वाजला.

"आला?"

"नाही."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो वहिनीकडे बघत होता. बायकोने वात खाली ठेवली आणि मला म्हणाली, "अहो, फोन वाजतोय." मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?"

भाऊ उठला. दारात जाऊन म्हणाला, "दादा, तुमची सही मला येते, तुम्हाला माहीत आहे. शाळेत असताना बाबांचीही करायचो. पण ही मी करणार नाही. ही तुम्हीच करा."

त्यानंतर तो रोज येई आणि मी रोज काहीतरी सांगे. कागद कुठे ठेवले ते आठवत नाही. शोधतो. गणपती होऊ देत. एकदा तो आरटीओ ऑफिसबाहेरच्या टपरीवर जाऊन बसला आणि तिथून फोन करून ओटीपी मागू लागला. टपरीवाल्याचा आवाज मला ऐकू येत होता: "अरे भइया, मालिक से बोलो नंबर बताएँ, लाइन लगी है पीछे." मी फोन कापला.

लॉजवाल्याने बारा दिवस वाट बघितली आणि दुसरी गाडी घेतली. पितृपक्ष आला. धर्मशाळेचे गट दुसऱ्याच्या गाडीतून घाटावर उतरू लागले. त्यातले दोन यजमान माझ्याकडे आले. मी त्यांचं कार्य सावकाश, सगळे पिंड मोजून केलं.

हे इथेच थांबलं असतं तरी पुरे होतं. पण पितृपक्षाच्या आधीच, गणेशोत्सवात विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडळात जेवणं चालली होती, तेव्हा धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी मला विचारलं, "काय हो गुरुजी, तुमच्या बंधूंच्या गाडीचं काय झालं? बँक सोडत नाही म्हणे?" पंगतीतल्या दहा-पंधरा जणांनी कान टवकारले. मी भातावर वरण घेत म्हणालो, "कशी सोडेल? हप्ते मलाच भरावे लागले शेवटी. अजून काय काय निघेल, देव जाणे."

भाऊ त्याच पंगतीत वाढत होता. हातात बुंदीचं पातेलं. त्याने ऐकलं. त्याने माझ्या पानात बुंदी वाढली, पुढच्याच्या पानात वाढली, आणि पंगत संपेपर्यंत वाढत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली आमच्या उंबऱ्यावर होती. महिनाभरात तो बायको-मुलीला घेऊन प्रयागला गेला. तिथे एका इस्पितळाच्या मालकाची गाडी चालवू लागला, पगारावर.

गाडी मैदागीनजवळच्या वाहनतळात उभी राहिली. त्याचं भाडं मी भरे, पण तिथे जात नसे. बायको माझ्याशी जेवणापुरतं बोले. एकदा पंचांग बदलताना जुन्या पंचांगातून बँकेचं पत्र खाली पडलं. तिने ते उचललं, वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "म्हणजे हे हरवलं नव्हतं," ती म्हणाली. त्याची मुदत केव्हाच संपली होती.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. भावाला कळवलं, तो आला नाही. इस्पितळात पडल्या पडल्या वाटलं, निदान गाडीचे कागद मोकळे करून त्याच्या नावावर करावेत. माझ्या आजारपणामुळे त्याचं मन विरघळलं तरी पुरे, असं मला वाटत होतं, हेही खरं आहे. माझ्या मनात अजून हिशेब चालूच होता.

बँकेत गेलो तर आमची शाखा दुसऱ्या शाखेत मिळवलेली. काउंटरवरचा माणूस पत्र उलटून म्हणाला, "तीन साल से रखे थे? अचार डाल रहे थे क्या?" पुन्हा अर्ज, आधार, आरसीची प्रत, नव्या पत्राची फी. त्याने खातं उघडून बघितलं आणि सहज म्हणाला, "एक भी किस्त बाउंस नहीं। बढ़िया ग्राहक हैं आप।" दहा दिवसांनी नवं पत्र आणि फॉर्मच्या दोन नव्या प्रती मिळाल्या. या वेळी मी तिथेच उभ्याने सह्या केल्या.

एवढ्याने भागलं नाही. टॅक्सीचा रोड टॅक्स थकलेला, दंडासकट. फिटनेस संपलेलं, विमा संपलेला, प्रदूषणाचं प्रमाणपत्र संपलेलं. हे सगळं आधी सरळ झाल्याशिवाय आरटीओ पुढे सरकत नाही. चारही टायर बसले होते. मिस्त्री म्हणाला, "बाबा, ई गाड़ी है कि मुर्दा?" बॅटरी, टायर, नळ्या बदलल्या. गाडी तपासणीला नेली, एकदा नापास झाली, पुन्हा नेली. मग अर्ज भरला. मदतीला आता भाऊ नव्हता, म्हणून टपरीवर बसून भरला. माझ्याच फोनवर ओटीपी आला. टपरीवाला म्हणाला, "बोलिए बाबूजी." मला आकडे वाचता येईनात. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

काही दिवसांनी नवी आरसी आली. मालक मी. खालची बँकेची ओळ गेलेली.

ती आरसी आणि मालकी बदलायचे फॉर्म घेऊन मी प्रयागला गेलो. एकोणतीस नंबरचा माझ्याकडून, तीस नंबरचा दोघांचा. त्यात घेणाऱ्याची सही लागते. भावाने घरी बोलावलं नाही. इस्पितळाच्या गेटबाहेर गाडीला टेकून उभा होता. केस पांढरे झाले होते. पाया पडला नाही.

"बोला."

मी आरसी दिली. त्याने ती उलटसुलट बघितली.

"बँकेचं नाव गेलं."

"हो. आता तुझ्या नावावर करू. इथे सही कर."

"मग?"

"मग काय? गाडी तुझी."

"गाडी माझीच होती दादा. पाच वर्षं." त्याने आरसी परत दिली. "पंगतीत बसून म्हणालात ना, हप्ते मी भरले म्हणून? मला त्यानंतर धर्मशाळेतून एक फोन आला नाही. पोरीच्या लग्नाचं बघताना तिकडच्यांनी विचारलं, वडिलांचं काही देण्याघेण्याचं आहे का. ते बनारसमधून ऐकून आले होते. आरटीओतलं नाव काढलंत. लोकांच्या डोक्यातलं काढा, मग या सही मागायला."

"माझं वय झालंय. हृदयाचं..."

"ऐकलं मी. तुम्ही मेलात तर वारसाच्या कागदांचं झंझट होईल, म्हणून आलात ना?"

मी म्हणालो, "नाही." थोडं ते होतंही.

या वर्षीच्या गणेशोत्सवात मी उभा राहिलो. पहिल्या दिवशी मला जमलं नाही. आरतीनंतर बोलायला उठलो आणि "माझ्या बंधूंबद्दल काही गैरसमज झाला होता" एवढंच म्हणून बसलो. बायको बायकांच्या बाजूने उठून सरळ घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठलो. सांगितलं की हप्ते त्याने भरले, ओटीपी आला होता, कागद पंचांगात होते, आणि मी ते अनंत चतुर्दशीपर्यंत मुद्दाम दाबून ठेवले. कोणी माझ्या प्रामाणिकपणाची वाहवा केली नाही. धर्मशाळेचे व्यवस्थापक म्हणाले, "म्हणजे आमच्याकडून तुम्ही हे करवून घेतलंत." एक म्हातारे गृहस्थ, माझे वर्गमित्र, मोठ्याने म्हणाले, "आणि वर पितृपक्षात पिंड पाडत होतास!" मी प्रसाद न घेता घरी आलो. तेव्हापासून मंडळातले दोघे-तिघे गल्लीत भेटले की दुसरीकडे बघतात.

भावाला कोणीतरी कळवलं असणार. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, वहिनीला. घरी येणार नव्हता. दादांना घाटावर पाठवा म्हणाला. मी कागदांची पिशवी घेऊन खाली उतरलो. तो त्याच पायरीवर बसला होता. जागा त्याने मुद्दाम निवडली की नाही, मला माहीत नाही. बायकोने त्याच्यासाठी डब्यात बेसनाचे लाडू दिले होते. त्याने डबा घेतला आणि बाजूला ठेवला.

"आणा."

त्याने कागद एकेक करून पायरीवर मांडले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर पिशवीतलीच गाडीची किल्ली ठेवली. आरसी. टॅक्सची पावती. फिटनेस. प्रदूषण. एकोणतीसचा फॉर्म, माझ्या सहीचा. तीसचा फॉर्म. तो बोट ठेवून मोजत होता. मला घाई झाली होती. पाय दुखत होते, ऊन चढत होतं, आणि एकदाची सही होऊन हे संपावं असं वाटत होतं.

"सही कर ना," मी म्हणालो.

त्याने विम्याचा कागद उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचला.

"दादा, एक राहिलं."

"काय राहिलं?"

"विम्यावर बँकेचं नाव आहे अजून. हे बघा. उद्या गाडीला काही झालं तर पैसे आधी कोणाला जायचे यावर वाद."

मी पाहिलं. खरं होतं. विमा मी एचपी कटायच्या आधी काढला होता, आणि विमेवाल्याने जुन्या पॉलिसीवरून बँकेचं नाव तसंच उतरवलं होतं. नवी आरसी आल्यावर ती दाखवून तेही काढून घ्यायला हवं होतं. मी न वाचताच पिशवीत टाकलं होतं.

"चालतंय की. नंतर होईल," मी म्हणालो.

"नाही चालत."

त्याने सगळे कागद परत पिशवीत भरले, फक्त तीसचा फॉर्म बाहेर ठेवला. खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर फॉर्म ठेवून स्वतःची सही केली, आणि तो घडी करून स्वतःच्या खिशात घातला. मला दिला नाही.

"विम्याचं करून कळवा," तो म्हणाला. "मग आरटीओला दोघं जाऊ. त्या दिवशी मी हा घेऊन येईन."

लाडवांचा डबा उचलून तो पायऱ्या चढून गेला. किल्ली पायरीवरच होती.

काल विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. नवी आरसी, बँकेचं पत्र आणि अर्ज दिला. बाई म्हणाल्या, चार दिवसांनी या. मी तिथेच बाकावर बसून त्यांनी दिलेली पोचपावती वाचली. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चॅसिस नंबर, सगळं. चॅसिसमधला एक आकडा चुकला होता. उठून तो दुरुस्त करून घेतला.